कल्याणहून कोट्याला : नोकरी सोडल्यानंतरच्या मनाईचा इतिहास

कलकत्त्याच्या एका भागात तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची दुकाने होती. माधवचंद्र परामाणिक यांचे दुकान त्यांपैकीच एक. त्यांच्यामुळे आपल्या धंद्याला झळ बसते असे राजकुमार दास यांना वाटू लागले आणि त्यांनी एक तोड काढली. माधवचंद्रांनी या भागातले दुकान बंद करावे. कारागिरांकडे त्यांची जी उचल अडकली होती, तिची रक्कम, म्हणजे ९०० रुपये, राजकुमार भरून देतील. माधवचंद्रांनी दुकानाला कुलूप लावले. पैसे मात्र आले नाहीत. त्यांनी दावा लावला आणि तो कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७४ साली मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी निकाल दिला : ९०० रुपये मिळणार नाहीत, कारण मुळात हा करारच कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नाही.

ज्याने शब्द पाळला तो बुडाला आणि ज्याने फिरवला तो सुटला. हा निकाल पहिल्यांदा वाचतो तेव्हा कोणालाही तो अन्यायाचा वाटतो. पण आज पुण्या-मुंबईत नोकरी बदलणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला जुन्या कंपनीकडून ‘दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येणार नाही’ अशी नोटीस येते, तेव्हा त्याचा वकील ज्या भिंतीला पाठ टेकून उभा राहतो, तिचा पहिला चिरा याच निकालाने बसवला. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. जुने निवाडे वाचण्याचा नाद मात्र पुष्कळ वर्षांचा आहे, आणि नेमणूकपत्रातले ते कलम दाखवायला ओळखीची मुले-मुली अधूनमधून येतात. त्यांच्या मनातली भीती पाहून वाटले, की या मनाईची वंशावळ एकदा सलग मांडावी.

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात आला. त्याचे कलम २७ एका वाक्याचे आहे. आपल्या भाषेत त्याचा आशय असा : कायदेशीर असलेला कोणताही पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कोणालाही रोखणारा प्रत्येक करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल आहे. याला अपवाद एकच दिला आहे. एखाद्याने आपला धंदा त्याच्या नावलौकिकासह, म्हणजे गुडविलसह विकला, तर ठरावीक हद्दीत तसाच धंदा करणार नाही असे तो विकत घेणाऱ्याला लिहून देऊ शकतो. मात्र ती हद्द न्यायालयाला वाजवी वाटली पाहिजे. हे सरळच आहे. मिठाईचे नावाजलेले दुकान भरपूर किंमत घेऊन विकायचे आणि दुसऱ्या दिवशी समोरच नवे दुकान थाटायचे, तर विकत घेणाऱ्याच्या हाती नुसत्या भिंतीच उरतील.

काउच यांच्यासमोर माधवचंद्रांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा, की कलमातली ‘रोखणे’ ही क्रिया संपूर्ण बंदीविषयी आहे. इथे कुठे संपूर्ण बंदी होती? एका भागातले दुकान बंद करायचे होते. उरलेले कलकत्ता मोकळेच होते. न्यायाधीशांनी पुढच्याच कलमाकडे बोट दाखवले. न्यायालयात दाद मागण्यापासून रोखणाऱ्या करारांविषयी कलम २८ आहे आणि तिथे ‘पूर्णपणे’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. कलम २७ मध्ये तो नाही. शिवाय कलम २७ फक्त संपूर्ण बंदीपुरते असते, तर ठरावीक हद्दीच्या बंदीसाठी वेगळा अपवाद लिहिण्याची गरजच काय होती? तेव्हा थोडी मनाई असो वा पूर्ण, एका गल्लीपुरती असो वा देशभर, ती रद्दच. हा अर्थ त्या दिवशी ठरला तो आजतागायत टिकून आहे.

गंमत अशी, की हाच खटला त्या काळी लंडनमध्ये चालला असता तर माधवचंद्रांना पैसे मिळण्याची शक्यता बरीच होती. इंग्लंडमधले न्यायाधीशही एके काळी या बाबतीत फार कडक होते. १४१४ साली एका रंगाऱ्याने सहा महिने त्या गावात आपला धंदा न करण्याचे खत लिहून दिले होते. त्याच्याविरुद्धचा दावा न्यायाधीश हल यांच्यासमोर आला तेव्हा ते इतके संतापले, की असले खत लिहून घेणारा इथे हजर असता तर दंड भरेपर्यंत त्याला तुरुंगात टाकले असते, असे त्यांनी भर न्यायालयात सुनावले. पण १७११ मध्ये लंडनच्या एका बेकरीवाल्याच्या खटल्यात वारे फिरले. त्याने आपल्या बेकरीचा भाडेपट्टा दुसऱ्याला दिला होता आणि पाच वर्षे त्या पॅरिशमध्ये पाव भाजण्याचा धंदा करणार नाही, केला तर ५० पौंड देईन, असे लिहून दिले होते. न्यायाधीश पार्कर यांनी ते खत वैध ठरवले. मनाई थोड्या भागापुरती असेल, तिला योग्य मोबदला असेल आणि कारण वाजवी असेल, तर ती चालेल, ही वाट तिथून पडली. १८९४ मध्ये ती आणखी रुंद झाली. तोफा आणि दारूगोळा बनवणाऱ्या थॉर्स्टन नॉर्डेनफेल्ट या स्वीडिश उद्योजकाने २,८७,५०० पौंडांना धंदा विकला होता आणि त्यानंतर २५ वर्षे जगभरात कुठेही हा व्यवसाय न करण्याचे मान्य केले होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने तेही वाजवी मानले, कारण तोफांचे गिऱ्हाईक म्हणजे जगातली सरकारे, आणि ती मोजकीच.

म्हणजे इंग्लंडमध्ये प्रश्न ‘मनाई वाजवी आहे का?’ असा झाला आणि इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानात तो विचारण्याचीच सोय राहिली नाही. हे कसे घडले? उत्तर न्यूयॉर्कमध्ये सापडते. डेव्हिड डडली फील्ड या तिथल्या वकिलाने आयुष्याची बरीच वर्षे एका ध्यासात घालवली. न्यायाधीशांच्या निकालांत विखुरलेला सगळा कायदा क्रमवार कलमांत लिहून काढायचा, हा तो ध्यास. १८६५ मध्ये त्याच्या दिवाणी संहितेचा मसुदा तयार झाला. त्यात धंद्यापासून रोखणाऱ्या करारांना सरसकट रद्द ठरवणारे एक कलम होते. ते जुन्या, कडक इंग्रजी धोरणावर बेतलेले होते. न्यूयॉर्क राज्याने त्याची ही दिवाणी संहिता कधीच स्वीकारली नाही. पण हिंदुस्थानासाठी करार कायदा तयार करणाऱ्यांच्या हाती तो मसुदा होता. लंडनला बसलेल्या विधी आयोगाच्या मूळ आराखड्यात नसलेले हे कलम त्यांनी फील्डकडून उचलून आपल्या कायद्यात घातले. त्याच १८७२ साली कॅलिफोर्नियानेही फील्डच्या मसुद्यावरून आपली दिवाणी संहिता केली आणि तेच कलम घेतले. जन्मगावी ज्याला थारा मिळाला नाही, ते वाक्य एकाच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत आणि कलकत्त्यात कायदा झाले. दोन्हीकडे ते आजही कायदा आहे. एखाद्या वाक्याचे नशीब असे असू शकते, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता नोकरीकडे येऊ. कलमात ‘नोकरी’ हा शब्दही नाही; पेशा, व्यापार आणि धंदा एवढेच आहे. तरी नोकरदारांचे खटले लवकरच येऊ लागले. आसामच्या चहामळ्यांच्या ब्रह्मपुत्रा टी कंपनीचा १८८५ चा खटला हा त्यांतला सुरुवातीचा. नोकरी संपल्यावर पाच वर्षे स्पर्धेत उतरू नये ही अट कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. मात्र नोकरीत असेपर्यंत आपल्याच मालकाचे काम करायचे, ही अट या कलमात येत नाही, असेही तिथे स्पष्ट झाले. सगळी गोम या ‘असेपर्यंत’ आणि ‘संपल्यावर’ या दोन शब्दांत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने १८९८ मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली, आणि तीही झांजिबारच्या निमित्ताने. झांजिबारमधल्या ब्रिटिश न्यायालयाची अपिले तेव्हा मुंबईत येत. तिथल्या एका डॉक्टरने मदतनीस म्हणून दुसरा डॉक्टर तीन वर्षांच्या कराराने नेमला होता. करारात स्वतःची प्रॅक्टिस न करण्याची अट होती. मदतनीस एका वर्षातच बाहेर पडला आणि तिथेच स्वतःचा दवाखाना थाटून बसला. मुंबईच्या न्यायाधीशांनी त्याला मनाई केली, पण ठरलेल्या तीन वर्षांपुरतीच. तीन वर्षांसाठी आपली सेवा एकाला देतो असे कबूल केलेला माणूस त्या काळात ती दुसरीकडे वळवू शकत नाही. यात धंद्यापासून रोखणे नाही, दिलेला शब्द पाळायला लावणे आहे. चौथ्या वर्षी तो मोकळाच.

हे दोन धागे ज्या खटल्यात एकत्र आले, तो आपल्या कल्याणचा. कंपन्यांचे वकील आजही नोटिशीत याच खटल्याचे नाव घालतात, म्हणून तो जरा निवांतपणे पाहायला हवा.

सेंच्युरी स्पिनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने कल्याणच्या आपल्या कारखान्यात टायर कॉर्डचे सूत बनवायचे ठरवले. मोटारीच्या टायरच्या रबरात जी मजबूत दोऱ्यांची जाळी असते, तिच्यासाठी हे सूत लागते. ते बनवण्याची विद्या हॉलंडच्या एकेयू आणि पश्चिम जर्मनीच्या ग्लान्झस्टॉफ या कंपन्यांकडे होती. जानेवारी १९६१ मध्ये करार झाला आणि कल्याणच्या कंपनीने या माहितीसाठी १,४०,००० जर्मन मार्क मोजले. परदेशी कंपन्यांनी अट घातली, की ही माहिती गुप्त ठेवावी आणि ज्या कर्मचाऱ्यांच्या हाती ती जाईल, त्यांच्याकडूनही तसे लिहून घ्यावे.

निरंजन शंकर गोलीकरी यांनी या विभागात अर्ज केला आणि १६ मार्च १९६३ पासून पाच वर्षांच्या कराराने ते शिफ्ट सुपरवायझर म्हणून रुजू झाले. करारात दोन कलमे महत्त्वाची होती. एक गुप्ततेचे. दुसरे, कलम १७, असे : पाच वर्षे पुरी होण्याआधी नोकरी सोडली, तर उरलेल्या मुदतीत तशाच प्रकारच्या धंद्यात काम करायचे नाही, आणि ठरलेली भरपाईही द्यायची. मार्च ते डिसेंबर १९६३ असे नऊ महिने त्यांना शिक्षण मिळाले. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी कामावर येणे थांबवले आणि पुढे राजीनामा दिल्याचे कळवले. तोवर त्यांना कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगाराची, ५६० रुपयांची जागा मिळाली होती. तिथेही टायर कॉर्डच बनत होती.

कंपनी न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि गोलीकरी सर्वोच्च न्यायालयात आले. जानेवारी १९६७ मध्ये न्यायमूर्ती शेलाट यांनी निकाल लिहिला. गोलीकरी हरले. इथपर्यंतची गोष्ट नोटिशीत असते. पुढची नसते.

मनाई हुकमाची मुदत होती १५ मार्च १९६८ पर्यंत. म्हणजे रुजू झाल्यापासून बरोबर पाच वर्षे, एक दिवसही जास्त नाही. आणि मनाई कशाची? टायर कॉर्डच्या उत्पादनात शिफ्ट सुपरवायझरचे, किंवा नाव बदलून तेच काम करण्याची. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात, दुसऱ्या कामावर जायला ते मोकळे होते. या हुकमामुळे माणूस उपाशी बसेल किंवा नाइलाजाने जुन्या मालकाकडे परत जाईल, असे काही पुढे आलेले नाही, हेही न्यायालयाने तपासले. तत्त्व सांगताना निकाल फरक स्पष्ट करतो, की कराराच्या मुदतीतल्या मनाईला एक माप आणि मुदत संपल्यानंतरच्या मनाईला दुसरे. मुदतीतली मनाई साधारणपणे कलम २७ च्या तावडीत सापडत नाही, फक्त ती एकतर्फी किंवा अवाजवी जाचक नसावी.

गोलीकरींनी १५ मार्च १९६८ पर्यंत कल्याणला काढली असती आणि १६ मार्चच्या सकाळी कोट्याची गाडी पकडली असती, तर त्यांना तिथे कामावर जाण्यापासून कलम १७ रोखू शकले नसते. गुप्त माहिती न फोडण्याचे बंधन तेवढे सोबत गेले असते. हा हिशोब एकदा मांडला, की आजच्या नेमणूकपत्राशी तुलना सोपी होते. आज बहुतेक खासगी नोकऱ्यांना पाच वर्षांची बांधीव मुदतच नसते. एक किंवा तीन महिन्यांची नोटीस देऊन कोणत्याही बाजूने नोकरी संपवता येते. मालकाला तुम्हाला केव्हाही काढायचा अधिकार हवा असतो, म्हणून तो स्वतःच मुदत घालत नाही. मग नोटिशीचा काळ संपला, की करार संपला, आणि पुढचा प्रत्येक दिवस ‘नंतरचा’ दिवस झाला. गोलीकरी खटल्याचा आधार घ्यायचा तर आधी मालकानेही पाच वर्षे सांभाळण्याचा शब्द द्यायला हवा. तो द्यायची तयारी मला फार थोड्या नेमणूकपत्रांत दिसली.

‘नंतरच्या’ मनाईचा नमुना म्हणून सुपरिंटेंडन्स कंपनी ऑफ इंडियाचा १९८० चा निकाल घ्यावा. मालाचे वजन, दर्जा तपासून दाखला देणारी ही कलकत्त्याची कंपनी. तिच्या दिल्ली शाखेच्या व्यवस्थापकाच्या करारात होते, की कंपनी सोडल्यावर दोन वर्षे शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी असल्या धंद्यात पडायचे नाही, ना नोकरी म्हणून ना स्वतःसाठी. कंपनीने १९७८ मध्ये त्याची नोकरी संपवली आणि त्याने दिल्लीतच तोच व्यवसाय सुरू केला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात हरली, पण कारणे दोन निघाली. न्यायमूर्ती तुळजापूरकर आणि उंटवालिया यांनी शब्दावर बोट ठेवले : करारात ‘तुम्ही कंपनी सोडल्यावर’ असे आहे. याला तर कंपनीने काढले आहे. आपणहून सोडणे वेगळे. तेव्हा अट लागूच होत नाही, कलम २७ पर्यंत जायला नको. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांना तेवढ्यावर थांबायचे नव्हते. त्यांनी स्वतंत्र निकालपत्रात लिहिले, की आपल्या कायद्यात मनाई वाजवी आहे की अवाजवी हा प्रश्नच उद्भवत नाही. धंद्याच्या विक्रीचा अपवाद सोडला, तर नोकरी संपल्यानंतरची मनाई रद्दच आहे.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका श्रीरामपूरच्या झहीर खानच्या खटल्यात घेतली. त्याच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या पर्सेप्ट डी’मार्क कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार ऑक्टोबर २००३ मध्ये संपला. पण त्यात एक शेपूट होते : करार संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा देकार आला तर तो आधी पर्सेप्टला दाखवायचा आणि तेवढेच देण्याची संधी त्यांना द्यायची. वरवर पाहता यात बंदी दिसत नाही, केवळ पहिली पसंती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली बंदी ओळखली. करार संपल्यावर आपला एजंट निवडण्याचे स्वातंत्र्यच त्यात अडकत होते. कलम २७ नोकरदारांपुरते नाही, हेही यात पक्के झाले.

न्यायालये एवढी ठाम का, याचे सरळ उत्तर कलमाचे शब्द हेच आहे. पण त्याच्या मागे एक विचारही आहे आणि तो इंग्लंडच्या वाजवीपणाच्या वाटेनेही तिथेच पोहोचला. हर्बर्ट मॉरिस ही ओझी उचलण्याची यंत्रे बनवणारी कंपनी. तिथे पोरवयापासून घडलेल्या एका इंजिनिअरला नोकरी सोडल्यावर सात वर्षे संपूर्ण ब्रिटनमध्ये हे काम करायला बंदी होती. १९१६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती नाकारली. मालकाची गुपिते मालकाची, त्याचे गिऱ्हाईक पळवण्यापासूनही त्याला संरक्षण मागता येईल. पण काम करता करता माणसाच्या हाताला आणि डोक्याला जे वळण लागते ते त्याचे स्वतःचे. केवळ स्पर्धा नको म्हणून त्यावर मालकाला कुलूप लावता येणार नाही. धंदा विकणारा भरभक्कम किंमत घेऊन बाजूला होतो; नोकरी सोडणाऱ्याला कोणी त्याची किंमत देत नाही. नॉर्डेनफेल्टची २५ वर्षे चालली आणि या इंजिनिअरची सात चालली नाहीत, याचे कारण हेच.

पैसे देऊन घरी बसवले तर? तीही युक्ती झाली आहे. व्हीएफएस ग्लोबल कंपनीच्या करारात, नोकरी संपल्यावर तीन महिने पगार घेऊन घरी बसायचे आणि दुसरीकडे काम करायचे नाही, असे ‘गार्डन लीव्ह’चे कलम होते. ब्रिटनमध्ये हा प्रकार रुळलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र पाहिले, की नोकरी तर संपली आहे. मग पगाराचे गोंडस नाव दिले तरी हे धंद्यापासून रोखणेच झाले. कंपनीला मनाई हुकूम मिळाला नाही.

याचा अर्थ नोकरी सोडणारा सर्व बाजूंनी मोकळा असतो असा कोणी घेऊ नये. ज्या गोष्टी कलम २७ च्या बाहेर आहेत त्या नीट पाहायला हव्यात. पहिली गुप्ततेची. कंपनीची रेखाचित्रे, सूत्रे, किमतींचे तक्ते पेनड्राइव्हवर घालून नेले, तर नोकरी संपल्यावरही न्यायालय रोखते. फरक ओळखायची खूण अशी : मनाई ‘हे वापरू नको’ अशी आहे की ‘तिथे काम करू नको’ अशी? पहिली बहुधा टिकते, दुसरी पडते. काही कंपन्या दुसरीला पहिलीचा अंगरखा घालतात. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेने २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आपल्या बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याविरुद्ध ग्राहकांच्या माहितीचा मुद्दा काढला, तेव्हा गुप्ततेच्या नावाखाली चांगल्या नोकरीचा शोध अडवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

दुसरी गोष्ट बॉण्डची. विजया बँकेने अधिकारी भरताना अट घातली होती, की तीन वर्षांच्या आत सोडले तर दोन लाख रुपये भरावे लागतील. २००७ मध्ये रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि मग अटीला आव्हान दिले. उच्च न्यायालयात तो जिंकला. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. अट नोकरीच्या मुदतीतली होती, दुसरीकडे जायला बंदी नव्हती, फक्त लवकर गेल्यास किंमत होती. आणि सरकारी बँकेला रिकामी जागा भरायला जाहिरातीपासूनची सगळी लांबलचक प्रक्रिया पुन्हा करावी लागते. पुन्हा तोच ‘असेपर्यंत’चा धागा. मात्र बॉण्डमध्ये आकडा छापला म्हणून तेवढा मिळतोच असेही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई द्यायची असते. शिक्षणावर दमडी न खर्चता पाच लाखांचा बॉण्ड लिहून घेणाऱ्याला हे लक्षात ठेवावे लागते.

कलम २७ फार ताठर आहे, अशी तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. माधवचंद्रांचे ९०० रुपये आठवावेत. १९५८ मध्ये विधी आयोगाने आपल्या तेराव्या अहवालात शिफारस केली, की दोन्ही पक्षांच्या आणि जनतेच्या हिताच्या दृष्टीने वाजवी असलेल्या मनाईला मान्यता द्यावी. संसदेने तो बदल केला नाही. मला विचाराल तर नोकरदारांच्या बाबतीत केला नाही ते बरेच झाले. ‘वाजवी’ शब्द आला, की प्रत्येक प्रकरण साक्षीपुराव्यावर जाते, आणि तारखांवर तारखा घेत भांडण्याची ऐपत कंपनीची असते, घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाची नसते. व्यापारी-व्यापाऱ्यांतल्या करारांपुरता विचार वेगळा करता आला असता.

पण या कायद्याला एक मोठे भोक आहे. मनाई रद्द असली तरी ती छापायला बंदी नाही. रद्द कलम नेमणूकपत्रात घातले म्हणून कंपनीला दंड होत नाही. त्यामुळे दीडशे वर्षे मेलेली अट दरवर्षी नव्याने छापली जाते. वाचणाऱ्याला ती जिवंत वाटते, आणि कितीतरी जण न्यायालयाच्या पायरीपर्यंत न जाता चालून आलेली नोकरी नाकारतात. ते आकडे कुठल्या निवाड्यात येत नाहीत. फील्डचे तेच वाक्य सांभाळणाऱ्या कॅलिफोर्नियाने याच्यावर उपाय केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथे अशी अट करारात घालणे हेच बेकायदेशीर ठरले, आणि ज्या मालकांनी आधी घातली होती त्यांना १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत आपल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना स्वतंत्रपणे लेखी कळवावे लागले, की तुमच्या करारातली ती अट रद्द आहे. आपल्या कलम २७ ला असे कळवण्याचे काम अजून कोणी लावलेले नाही.